आठ दिवसांनंतरही न थांबणारी पाळी

मासिक पाळीचा रक्तस्राव बहुतेक स्त्रियांमध्ये चार ते सहा दिवस चालतो आणि आठव्या दिवसापर्यंत तो पूर्णपणे थांबला, तर ते स्वाभाविक मानले जाते. स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राचा आंतरराष्ट्रीय महासंघ ‘फिगो’ या नावाने ओळखला जातो. त्याने २०१८ साली सुधारलेल्या निकषांनुसार एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंतचे अंतर २४ ते ३८ दिवसांचे असावे आणि रक्तस्राव आठ दिवसांहून अधिक चालल्यास तो ‘दीर्घ’ समजावा. एखाद्या महिन्यात नवव्या दिवशी थोडे डाग दिसले आणि पुढची पाळी नेहमीसारखी आली, तर त्यातून फारसा अर्थ काढण्याचे कारण नसते. मात्र हेच सलग दोन-तीन वेळा घडले, किंवा एकच पाळी दोन आठवडे झाले तरी थांबली नाही, तर ती ‘आपोआप बरी होईल’ म्हणून अंगावर काढण्याऐवजी तिचे कारण शोधणे आवश्यक ठरते. हे कारण कोठे शोधायचे, हे समजून घेण्यासाठी आधी नेहमीची पाळी मुळात थांबते कशी, हे पाहावे लागते.

पाळी थांबते कशी

गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचे दोन थर असतात. वरचा थर दर महिन्याला वाढतो व गळून पडतो. खालचा, म्हणजे पायाचा थर, कायम राहतो आणि त्यातूनच नवे अस्तर तयार होते. चक्राच्या पूर्वार्धात बीजकोशातून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे अस्तर जाड होत जाते. बीजकोशातून स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर त्या जागी पीतपिंड नावाची तात्पुरती ग्रंथी तयार होते आणि ती प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक स्रवू लागते, ज्याच्या प्रभावाने अस्तराची वाढ थांबून त्याची रचना घट्ट व सुसंघटित होते. गर्भधारणा झाली नाही, तर सुमारे दोन आठवड्यांत पीतपिंड सुकतो, दोन्ही संप्रेरकांची पातळी एकदम उतरते आणि वरचा थर सर्व बाजूंनी जवळजवळ एकाच वेळी सुटू लागतो.

रक्तस्राव थांबण्याची तयारीही याच वेळी सुरू होते. अस्तरातील नागमोडी रोहिण्या प्रोस्टाग्लँडिन व तत्सम रसायनांमुळे आकुंचन पावतात, उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्यांच्या तोंडांशी रक्तबिंबिका व फायब्रिन यांची बूच बसते आणि पायाच्या थरातील ग्रंथींच्या कडांपासून नवे आवरण पसरू लागते. ही दुरुस्ती पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासूनच चालू झालेली असते आणि पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत बहुतेक पृष्ठभाग झाकला जातो. म्हणून आठ दिवसांनंतरही रक्त जात राहिले, तर या साखळीत कोठेतरी बिघाड आहे असे मानावे लागते: संप्रेरकांचा संदेश चुकला आहे, रक्त गोठण्याची क्रिया कमकुवत आहे, किंवा गर्भाशयाच्या आत अशी एखादी वाढ आहे जिच्यामुळे दुरुस्ती पूर्ण होत नाही.

फिगोने २०११ साली मांडलेले कारणांचे वर्गीकरणही ढोबळमानाने याच विचारावर उभे आहे. त्यात एका बाजूला सोनोग्राफीत किंवा सूक्ष्मदर्शकाखाली दिसू शकणारी कारणे येतात, म्हणजे अस्तरातील पॉलिप (लोंबणारा मांसल कोंब), गर्भाशयाच्या स्नायूतच अस्तराच्या ग्रंथी शिरणे, फायब्रॉइडच्या गाठी, आणि अस्तराची अतिरिक्त वाढ किंवा कर्करोग. दुसऱ्या बाजूला रक्त न गोठण्याचे विकार, स्त्रीबीज न सुटणे, अस्तराच्या स्थानिक रसायनांतील दोष आणि औषधे वा गर्भनिरोधक साधने यांचा परिणाम, अशी न दिसणारी कारणे येतात.

बीज न सुटलेल्या चक्रातला रक्तस्राव

पाळी येऊ लागल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षे आणि पाळी जाण्याआधीची काही वर्षे या दोन्ही टोकांना रक्तस्राव रेंगाळण्याचे सर्वांत नेहमीचे कारण एकच असते, ते म्हणजे त्या चक्रात बीजकोशातून बीज सुटलेलेच नसते. बीज सुटले नाही म्हणजे पीतपिंड तयार होत नाही आणि प्रोजेस्टेरॉनही मिळत नाही. इस्ट्रोजेन मात्र चालूच राहते, त्यामुळे अस्तर आठवड्यामागून आठवडे वाढत राहते आणि जाड होऊनही ठिसूळच राहते. शेवटी त्याचा भार त्यालाच पेलेनासा होतो व ते तुटू लागते. पण सगळे एकदम सुटण्याऐवजी आज एक तुकडा, चार दिवसांनी दुसरा, असे तुटत जाते. एका जागी जखम भरत असताना दुसरी जागा उघडी पडते आणि रोहिण्यांचे आकुंचनही नीट होत नाही, म्हणून रक्तस्राव दहा, पंधरा, कधी वीस दिवसही चालतो.

अशा रक्तस्रावाला एक ओळखीची ठेवण असते. पाळी आधी सहा-आठ आठवडे येत नाही, मग येते ती फारशा पोटदुखीशिवाय, आणि एकदा सुरू झाली की थांबत नाही. याउलट दर महिन्याला ठरल्या वेळी येणारी, पण प्रत्येक वेळी नऊ-दहा दिवस चालणारी व अंगावरून खूप जाणारी पाळी बीज न सुटल्याची खूण सहसा नसते. तेथे गाठी, स्नायूत शिरलेल्या ग्रंथी किंवा रक्त गोठण्याचे दोष यांचा विचार आधी केला जातो. मुख्य रक्तस्राव पाच दिवसांत संपून नंतर आठवडाभर केवळ तपकिरी डाग पडत असतील, तर अस्तरातील पॉलिप किंवा आधीच्या सिझेरियनच्या व्रणाजागी तयार झालेली खाच, जिच्यात थोडे रक्त साचून हळूहळू बाहेर येते, ही कारणे तपासली जातात. तांबी बसवल्यावर पाळी एक-दोन दिवसांनी वाढणे आणि गर्भनिरोधक इंजेक्शन घेतल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत अनियमित डाग पडत राहणे हेही अपेक्षित असते. त्यामुळे असे कोणते साधन वापरात आहे, हे डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगावे.

किशोरवयातील बहुतेक मुलींच्या बाबतीत कालांतराने चक्र आपोआप बसते, परंतु या वयात एका शक्यतेकडे विशेष लक्ष द्यावे लागते. पहिल्या पाळीपासूनच अंगावरून खूप जात असेल, दात काढल्यावर रक्त लवकर थांबत नसेल, नाकातून वारंवार रक्त येत असेल किंवा घरात कोणाला असा त्रास असेल, तर रक्त गोठण्याच्या दोषाची तपासणी करणे गरजेचे असते. अशा दोषांपैकी सर्वाधिक आढळणाऱ्या विकाराचे पहिले वर्णन फिनलंडमधील वैद्य एरिक फॉन विलेब्रँड यांनी १९२६ साली केले. ज्या मुलीमुळे त्यांचे लक्ष या विकाराकडे गेले, ती पुढे तेराव्या वर्षी मासिक पाळीतील रक्तस्रावानेच दगावली.

एक उदाहरण, तपशिलाने

चाळिशीनंतरच्या रक्तस्रावाची तपासणी कशी पुढे सरकते, हे एका कल्पित पण प्रातिनिधिक उदाहरणावरून समजते. एका ४४ वर्षांच्या स्त्रीची पाळी आजवर २८ ते ३० दिवसांनी येऊन पाच दिवसांत थांबत असे. गेल्या वर्षभरात हे अंतर कधी २० दिवस, कधी ५० दिवस असे विस्कळीत झाले आहे. या वेळी ५५ दिवसांनी पाळी आली, चार-पाच दिवस दिवसाला सात-आठ पॅड लागले, गाठी पडल्या, आणि आज तेरावा दिवस असूनही रक्त जातच आहे. घरात सगळ्यांचे म्हणणे असे, की या वयात असे चालायचेच.

डॉक्टरांनी सर्वप्रथम लघवीची गर्भधारणा चाचणी केली, कारण चुकलेल्या पाळीनंतरचा रक्तस्राव म्हणजे अपुरा गर्भपात किंवा गर्भनलिकेत राहिलेला गर्भ असू शकतो आणि ही शक्यता वयाकडे पाहून सोडून देता येत नाही. चाचणी नकारात्मक आली. मग गर्भाशयाच्या मुखाची प्रत्यक्ष तपासणी झाली, कारण रक्त कधी गर्भाशयातून नव्हे तर मुखावरील कोंबातून किंवा कर्करोगाच्या व्रणातूनही येत असते. तेथे काही आढळले नाही. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ८.६ निघाले, बिंबिका पुरेशा होत्या आणि थायरॉईडचे संप्रेरक योग्य पातळीत होते.

सोनोग्राफीच्या अहवालात दोन गोष्टी होत्या: गर्भाशयाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर पाच सेंटिमीटरची फायब्रॉइडची गाठ आणि १७ मिलिमीटर जाडीचे अस्तर. अशा ठिकाणी घाईचा निष्कर्ष काढला जाण्याचा संभव सर्वांत जास्त असतो. गाठ दिसली की रक्तस्राव तिच्यामुळेच असे गृहीत धरले जाते आणि ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला मिळतो. वास्तविक रक्तस्राव मुख्यतः अस्तराच्या पोकळीत शिरलेल्या गाठीमुळे वाढतो. बाहेरच्या बाजूला वाढणाऱ्या गाठीचा पाळीशी संबंध सहसा नसतो. या स्त्रीच्या बाबतीत लक्ष द्यायला हवे ते अस्तराकडे. मात्र अस्तराची जाडीही एकटी निर्णायक नसते, कारण पाळी येत असलेल्या स्त्रीमध्ये चक्राच्या उत्तरार्धात ती १६ मिलिमीटरपर्यंत असणे स्वाभाविक असते. चार मिलिमीटरची जी मर्यादा अनेकदा ऐकू येते, ती पाळी पूर्ण गेलेल्या स्त्रियांसाठीच आहे.

म्हणून अस्तराचा नमुना घेणे हाच निर्णायक टप्पा ठरला. यासाठी स्ट्रॉसारखी बारीक, लवचिक नळी गर्भाशयात घालून किंचित ओढीने अस्तराचा अंश काढला जातो. बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत होणाऱ्या या तपासणीत पाळीसारखी कळ येते, पण भूल द्यावी लागत नाही. पाळी न गेलेल्या स्त्रियांमध्ये रक्तस्राव अनियमित झाला असता अनेक आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना ४५ वर्षांपासून ही तपासणी सुचवतात, तर भारतातील तज्ज्ञांच्या सूचना ती चाळिशीपासूनच करावी असे सांगतात. त्याहून कमी वयातही लठ्ठपणा, दीर्घकाळ अनियमित पाळी किंवा पीसीओएस असल्यास तिचा विचार होतो, कारण या सर्वांमध्ये प्रोजेस्टेरॉनचा आवर न मिळता इस्ट्रोजेनचा प्रभाव वर्षानुवर्षे चालू राहिलेला असतो. या नळीने संपूर्ण अस्तराचा नमुना मिळतोच असे नाही. एखादा पॉलिप तिच्यातून सुटू शकतो, म्हणून अहवाल निर्धोक येऊनही रक्तस्राव चालू राहिला, तर गर्भाशयात दुर्बीण घालून आतून पाहावे लागते.

या उदाहरणातील अहवालात ‘अस्तराची अतिरिक्त वाढ, पेशींत विकृती नाही’ असे निदान आले. पेशींत विकृती नसलेल्या अशा वाढीचे कर्करोगात रूपांतर होण्याचा धोका वीस वर्षांत ५ टक्क्यांहून कमी असतो आणि प्रोजेस्टेरॉनसदृश औषधाने ती बहुतेकदा मागे हटते. या स्त्रीच्या गर्भाशयात लेव्होनॉर्जेस्ट्रेल नावाचे औषध रोज थोडे थोडे सोडणारे, तांबीसारखे दिसणारे साधन बसवण्यात आले आणि सहा महिन्यांनी पुन्हा नमुना घेण्याचे ठरले. साधन बसवल्यावर पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडू शकतात, ही कल्पना आधीच द्यावी लागते, अन्यथा उपचार फसला असे समजून ते लवकर काढले जाते. पेशींत विकृती आढळली असती, तर मात्र मार्ग वेगळा असता, कारण अशा वेळी अस्तरात दुसरीकडे कर्करोग दडलेला असण्याची शक्यता मोठी असते आणि मुले होऊन गेलेल्या स्त्रीला गर्भाशय काढण्याचाच सल्ला दिला जातो.

रक्ताचा हिशेब

एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलीटर रक्त जाते. हिमोग्लोबिन १२ असलेल्या स्त्रीच्या १०० मिलिलीटर रक्तात सुमारे ४० मिलिग्रॅम लोह असते, म्हणजे नेहमीच्या पाळीत १२ ते १६ मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर जाते. अन्नातून दिवसाला दीड ते दोन मिलिग्रॅम लोह शोषले जाते, म्हणजे महिन्याला ४५ ते ६० मिलिग्रॅम. त्यातील जवळजवळ ३० मिलिग्रॅम त्वचा व आतड्यांतून रोज होणाऱ्या झिजेतच जाते आणि उरलेल्यात नेहमीची पाळी कशीबशी भागते. पाळी बारा दिवस चालून १५० मिलिलीटर रक्त गेले, तर लोहाचा खर्च ६० मिलिग्रॅमच्या घरात पोहोचतो आणि दर महिन्याला साठ्यातून उचल करावी लागते. साठा आधी रिकामा होतो व हिमोग्लोबिन त्यानंतर उतरते, म्हणून साठा दाखवणारी फेरिटिन तपासणी हिमोग्लोबिन ठीक असतानाही तूट दाखवू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. मुळातच साठा अपुरा असलेल्या अशा स्त्रीला रेंगाळणारी पाळी परवडत नाही. धाप, धडधड, केस गळणे किंवा माती-खडू खावासा वाटणे ही तक्रार असेल, तर केवळ लोहाच्या गोळ्या देऊन भागत नाही, रक्त कोठून जाते हेही विचारावे लागते.

डॉक्टरांकडे केव्हा आणि काय घेऊन जावे

काही परिस्थितींत त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. दर तासाला एक पॅड पूर्ण भिजत आहे आणि असे दोन तासांहून अधिक चालले आहे, अडीच सेंटिमीटरहून मोठ्या गाठी सतत पडत आहेत, उभे राहताच चक्कर येते किंवा धडधड होते, किंवा पाळी चुकल्यानंतर रक्तस्रावासोबत ओटीपोटात एका बाजूला तीव्र वेदना होत आहे, या सर्व त्या परिस्थिती होत. पाळी जाऊन बारा महिने उलटल्यावर कितीही थोडे रक्त दिसले तरी त्याची तपासणी तातडीने व्हायला हवी, कारण त्यानंतर येणाऱ्या रक्ताला पाळी म्हणता येत नाही. संबंधानंतर रक्त दिसणे, दोन पाळ्यांमध्ये वारंवार डाग पडणे, रक्त पातळ करणारी औषधे चालू असणे, आणि चाळिशीनंतर पाळीची नेहमीची ठेवण बदलणे ही कारणे असतील, तर काही दिवसांतच भेट घ्यावी.

भेटीला जाताना तीन महिन्यांची साधी नोंद नेल्यास निदान सोपे होते: रक्तस्राव कोणत्या तारखेला सुरू झाला, कोणत्या तारखेला थांबला, कोणत्या दिवशी किती पॅड पूर्ण भिजले, आणि डाग पडण्याचे दिवस कोणते. पाळी पुढे ढकलण्यासाठी दिल्या जाणाऱ्या नॉरइथिस्टेरॉनच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून परस्पर आणून रक्तस्राव थांबवण्याची सवय येथे विशेष घातक ठरते. गोळ्या चालू असेपर्यंत अस्तर धरून ठेवले जाते आणि त्या बंद केल्यावर दोन-चार दिवसांत पुन्हा रक्त सुरू होते. म्हणजे नोंद बिघडते, कारण झाकले जाते आणि स्त्रीला वाटते की आजार बळावला. ट्रॅनेक्झॅमिक आम्ल रक्ताची गुठळी विरघळण्याची क्रिया रोखून रक्तस्राव जवळजवळ निम्मा करू शकते, पण तेही पाळीच्या मोजक्या दिवसांपुरतेच आणि पूर्वी पायात वा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली नाही याची खात्री करूनच दिले जाते.

गर्भाशय काढण्याचा सल्ला निदानाच्या आधीच मिळतो तेव्हा काय होते, याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांवर मोठ्या प्रमाणात, आणि अनेकींवर तरुण वयातच, अशा शस्त्रक्रिया झाल्याचे उघड झाल्यावर २०१९ साली राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. पाळी लागली की मजुरी बुडते आणि टोळीत राहून उपचारांना वेळ मिळत नाही, अशा स्थितीत पिशवी काढून टाकणे हा सुटकेचा मार्ग वाटणे समजण्यासारखे आहे. पण बीजकोशही काढले गेले तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते, आणि ते ठेवले तरी ती काही वर्षे आधी येण्याची शक्यता असते. हाडे ठिसूळ होणे व हृदयविकार यांचा धोका त्यासोबत वाढतो. शस्त्रक्रिया सुचवली गेली असेल, तर ती ठरवण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: रक्तस्रावाचे नेमके कारण कोणते ठरले, अस्तराच्या नमुन्याचा अहवाल काय सांगतो, आणि औषधे किंवा औषध सोडणारे साधन यांचा पुरेसा काळ प्रयत्न झाला आहे का. या प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळत नसतील, तर शस्त्रक्रियेची तारीख घेण्याऐवजी दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे मत घेणे योग्य ठरते.